साडेपाच हजार एकर की पाचशे?

प्रस्तावना

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना वाटेत नेसरी लागते. इतिहासाच्या वाचकांना हे गाव सरसेनापती प्रतापराव गुजरांमुळे आणि २४ फेब्रुवारी १६७४ या तारखेमुळे माहीत असते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांना मात्र नेसरी लागते ती बाजाराला, बँकेच्या कामाला, खताच्या पोत्याला आणि औषधाच्या बाटलीला. कुठली नवी सेवा या भागात आली तर ती आधी इथेच एखादा गाळा भाड्याने घेते. गाळा घेण्याआधी एक हिशेब करायचा असतो आणि बहुतेक जण तो करत नाहीत, किंवा करतात तो एका बाजूनेच करतात. ही पुस्तिका त्या हिशेबाविषयी आहे.

हिशेब असा: आपण जी सेवा देणार आहोत तिला एकूण मागणी किती, त्यातली आपल्या टप्प्यात किती आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्ष हाती किती लागेल. तो करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली वरून खाली उतरणारी. राज्याचा किंवा जिल्ह्याचा मोठा आकडा घ्यायचा, त्याचे हिस्से पाडत आपल्या गावापर्यंत यायचे. दुसरी खालून वर चढणारी. एक गिऱ्हाईक, एक शेत, एक काम यापासून मोजायला सुरुवात करायची आणि गावोगावची बेरीज करत वर जायचे. व्यवस्थापनाच्या वर्गात यांना टॉप-डाउन आणि बॉटम-अप म्हणतात. पुस्तिकेत बरीच उदाहरणे आहेत. प्रस्तावनेत मी एकच घेतो आणि शेवटपर्यंत नेतो: नेसरीत बसून आसपासच्या उसावर ड्रोनने फवारणी करून देण्याची सेवा.

हे उदाहरण घेण्याचे कारण असे की दोन्ही रीती ऊस पट्ट्यातल्या माणसाला मुळात परक्या नाहीत. साखरेच्या हंगामाआधी राज्यात उसाखालचे क्षेत्र किती, हेक्टरी उतारा किती पडेल, त्यातून साखर किती निघेल, असा अंदाज दरवर्षी बांधला जातो. तो वरून बांधलेला अंदाज. त्याच वेळी प्रत्येक कारखान्याच्या शेती विभागाची माणसे गटागटांत फिरून कोणाचा, कोणत्या जातीचा, कधी लावलेला, किती गुंठे ऊस आहे याची नोंद घेतात. तो खालून बांधलेला अंदाज. या दोहोंचे काय होते, ते महाराष्ट्राने लागोपाठ दोन वर्षे चांगले पाहिले. २०२१-२२ च्या हंगामाला राज्यात ११२ लाख टनांच्या आसपास साखर होईल असे धरले होते. झाली १३७ लाख टन. ऊस संपता संपेना, कारखाने जूनपर्यंत चालवावे लागले, मराठवाड्यात शेतकरी उभ्या उसाकडे बघत राहिले. पुढच्या वर्षी, २०२२-२३ ला, अंदाज १३८ लाख टनांचा होता आणि प्रत्यक्षात साखर निघाली १०५ लाख टन.

पहिल्या वर्षी क्षेत्रच कमी धरले गेले, कारण पाऊस चांगला झाल्यावर लावलेला बराच ऊस कुठल्याच कारखान्याच्या नोंदीत नव्हता. दुसऱ्या वर्षी क्षेत्र भरपूर होते, पण लांबलेल्या पावसाने उतारा खाल्ला आणि खोडव्याचे वजन भरले नाही. मागच्या वर्षीच्या उताऱ्यावर डोळा ठेवून बांधलेला अंदाज तिथे पडला. चुकीची जागा दोन्ही वर्षी वेगळी होती, एकदा क्षेत्रात आणि एकदा उताऱ्यात, आणि ती कळली ती दोन्ही आकडे सुटे मांडलेले होते म्हणून. नुसता ‘इतके लाख टन’ एवढाच आकडा असता तर चुकले एवढेच कळले असते, कशात चुकले ते कळले नसते. बाजाराचा अंदाज बांधतानाही माझा आग्रह एवढाच आहे: एक आकडा नको, ज्या आकड्यांच्या गुणाकारातून तो आला ते सगळे आकडे कागदावर हवेत.

आता नेसरी. आधी वरून उतरू.

कोल्हापूर जिल्ह्यात उसाखाली दीड लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र असते. सोयीसाठी दीड लाखच धरू. अडीच एकराचा हेक्टर धरला तर पावणेचार लाख एकर. पावसाळ्यात उंच उसावर दोन फवारण्या, एका एकराला ६०० रुपये दर, असे समजू. म्हणजे जिल्ह्याचा बाजार ४५ कोटी रुपये. इथे पोचले की पुढचे वाक्य आपसूक येते: ‘यातला नुसता एक टक्का मिळाला तरी ४५ लाख.’ बँकेत दिलेल्या प्रकल्प अहवालांत हे वाक्य सर्रास असते आणि माझ्या मते तेच सर्वांत घातक असते. एक टक्का लहान दिसतो म्हणून कोणी त्याला हरकत घेत नाही. पण तो टक्का कोणाचा? शिरोळचा शेतकरी नेसरीच्या माणसाला फवारायला बोलावणार नाही. एक टक्का म्हणजे पावणेचार हजार एकर, दोनदा. ते कोणत्या गावांतले, हे सांगता येत नसेल तर तो टक्का हवेतला आहे.

म्हणून वरून उतरतानाही पायरी-पायरीने उतरायचे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती, गडहिंग्लज तालुक्याची सव्वादोन लाखांच्या थोडी वर. म्हणजे जिल्ह्याच्या सहा टक्क्यांच्या आत-बाहेर. त्याच हिश्शाने ऊस वाटला तर तालुक्याला साडेबावीस हजार एकर येतो. नेसरीच्या बाजूची गावे तालुक्याचा चौथा हिस्सा धरली तर ५,६०० एकर. दोन फवारण्या, ६०० रुपये दर: ६७ लाख २० हजार रुपये.

४५ कोटींवरून ६७ लाखांवर आलो, म्हणजे हिशेब जमिनीवर आला असे वाटते. पण या उतरणीत एक पायरी कच्ची आहे. ऊस लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला. जिल्ह्याच्या लोकसंख्येत कोल्हापूर शहर आहे, इचलकरंजी आहे. तिथे माणसे आहेत, ऊस नाही. त्या अर्थाने तालुक्याचा वाटा कमी धरला गेला. उलट शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या पाणथळ गाळाच्या रानात ऊस जितका दाट असतो तितका तो नेसरीकडच्या माळावर नसतो. त्या अर्थाने वाटा जास्त धरला गेला. दोन चुका एकमेकींना किती खातात, ते वर बसून कळत नाही. वरून उतरणाऱ्या रीतीचा खरा दोष हाच आहे: हिस्सा पाडायला आपण जे माप वापरतो ते हाताशी असते म्हणून वापरतो, त्याचा सेवेशी संबंध असतो म्हणून नव्हे. लोकसंख्येच्या मापाने केशकर्तनालयाचा बाजार काढता येईल, उसाच्या फवारणीचा नाही. तालुक्याच्या पातळीवर उसाचे क्षेत्र कृषी विभागाकडे मिळत असेल तर लोकसंख्येची पायरी खोडून टाकावी. आणि तालुक्याची हद्दही सेवेची हद्द नसते. अडकूर चंदगड तालुक्यात मोडते, पण नेसरीहून ते गडहिंग्लजपेक्षा जवळ आहे.

आता खालून चढू. यापुढचे गावपातळीचे आकडे मी मांडणीसाठी धरलेले आहेत. वाचकाने आपल्या गावात जाऊन ते बदलायचे आहेत. धरण्याची पद्धत मात्र तीच राहील.

पहिले ठरवायचे ते मोजण्याचे एकक. इथे ते ‘शेतकरी’ नाही, ‘एक एकर, एकदा फवारलेला’ हे आहे. शेतकरी मोजायला गेलो की सातबारा आडवा येतो. एका सामाईक सातबाऱ्यावर पाच भावांची आणि दोन बहिणींची नावे असतात, त्यातले दोघे मुंबईत, एक पुण्यात. रान कसतो एकटा, किंवा वाट्याने दुसराच कोणी. फवारणी घ्यायची की नाही हे ठरवणारा माणूस एकच असतो. खातेदारांच्या यादीवरून गिऱ्हाईक मोजले तर बाजार कागदावर दुप्पट-तिप्पट फुगतो. या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेलेली आहेत, त्यामुळे ही चूक इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त होते.

दुसरे ठरवायचे ते अंतर. ड्रोन, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन आणि दोन माणसे घेऊन छोट्या गाडीतून जायचे तर आठ-दहा किलोमीटरच्या पलीकडे सकाळचा वेळ प्रवासात जातो, आणि फवारणीला वारा पडलेली सकाळच हवी. त्या अंतरात बारा गावे बसतात असे धरू. ती एकसारखी नाहीत. तारेवाडी, हडलगे, अडकूर यांसारख्या घटप्रभेच्या काठच्या गावांत नदीवरून पाणी उचललेले आहे, तिथे ऊस सलग लागतो. वरच्या बाजूच्या गावांत विहिरीच्या ओलीवर थोडाथोडा. समजा नदीकाठची चार गावे सरासरी ३०० एकरांची, वरची आठ गावे ९० एकरांची. १,२०० आणि ७२०, मिळून १,९२० एकर.

हे आकडे आणायचे कुठून? तीन ठिकाणे आहेत आणि तिन्ही विचारावीत. पहिले, ई-पीक पाहणी. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवायचे असते. ज्याने नोंदवले नाही त्याचा ऊस तिथे दिसत नाही, म्हणून हा आकडा बहुधा कमी असतो. दुसरे, कारखान्याचे गट कार्यालय. तिथली ऊस नोंद गुंठ्यापर्यंत असते. पण तोड लवकर मिळावी म्हणून एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवणारे पुष्कळ असतात, आणि या भागात तर गडहिंग्लज, आजरा, चंदगड आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने, असे सगळेच ऊस नेतात. सगळ्यांच्या नोंदी बेरजेला घेतल्या तर हा आकडा जास्त येतो. तिसरे, पाणीपुरवठा संस्था. ती पाणीपट्टी एकरावर घेते, त्यामुळे तिच्या वहीत खोटे एकर सहसा नसतात, मात्र विहिरीवरचा ऊस तिच्याकडे नसतो. एक आकडा कमी, एक जास्त, एक अर्धवट. तिन्ही शेजारी ठेवले की खरा आकडा कोणत्या बाजूला आहे ते दिसायला लागते.

यावर आणखी एक तपासणी करता येते आणि ती मला फार उपयोगाची वाटते. नोंदीऐवजी वजन विचारा. गेल्या हंगामात या बारा गावांतून किती टन ऊस गेला? एकरी ३५ टन धरले तर १,९२० एकरांतून ६७ हजार टन निघायला हवा. उसाची नोंद दोनदा होते, वजन मात्र एकदाच होते. सगळ्या कारखान्यांकडे गेलेल्या उसाची बेरीज ४५ हजार टनांवर थांबत असेल तर एक तर आपले एकर जास्त आहेत, नाही तर उतारा. दोन-चार शेतकऱ्यांची बिले बघितली की कोणता, ते लगेच कळते.

एकर मिळाले. पण एकर म्हणजे मागणी नव्हे. इथून पुढे हिशेब शेतीच्या जाणकारीवर चालतो, आणि नेमका इथेच तो बहुतेकांचा सुटतो.

ऊस लहान असतो तोवर माणूस पाठीवर पंप अडकवून सरीत चालत फवारतो. एचटीपी पंप असेल तर पाइप ओढत फवारतो. तिथे ड्रोनची गरज नाही. तणनाशकाच्या फवारणीत तर ड्रोनपासून लांबच राहावे, कारण वरून सुटलेले बारीक थेंब वाऱ्याने शेजारच्या मिरचीवर, भुईमुगावर गेले तर भांडण नक्की. हुमणी जमिनीत असते, वरून फवारून तिचे काही होत नाही. ड्रोनची खरी गरज निर्माण होते ती ऊस डोक्याच्या वर गेल्यावर, जेव्हा पाचटात माणूस शिरत नाही, शिरला तर पाते कापते आणि पंप अडकतो. जुलै ते सप्टेंबर. त्या काळात तांबेऱ्यावर औषध, लोकरी माव्यासारखी कीड आलीच तर तिच्यावर औषध आणि एरवी शेतकरी ज्याला टॉनिक म्हणतात ती विद्राव्य खते. लोकरी मावा २००२ साली सांगलीकडे पहिल्यांदा दिसला आणि पश्चिम महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा उंच उसात फवारायचे कसे हाच प्रश्न होता. तशी साथ आली तर मागणी एकदम उसळेल, पण साथीवर धंद्याचा अंदाज बांधू नये.

म्हणून १,९२० एकरांतून जुलै-ऑगस्टमध्ये नव्याने लावला जाणारा आडसाली ऊस वजा करू. तो तेव्हा वीतभरही नसतो. राहिला पूर्वहंगामी, सुरू, खोडवा आणि आदल्या वर्षीचा आडसाली. हे १,७०० एकर धरू.

आता मुख्य प्रश्न: यातल्या किती एकरांवर त्या काळात फवारणी होते? हा विचारायचा कसा, यावर सगळे अवलंबून आहे. पारावर बसलेल्या चार जणांना ‘ड्रोनने फवारून दिले तर घ्याल का?’ म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले आहे: ‘घेऊया की! येऊ दे तरी आधी.’ हे खोटे नसते. समोरच्या पोराला नाही कशाला म्हणायचे, एवढाच त्याचा अर्थ असतो. अशा तीस जणांना विचारले तर पंचवीस जण हो म्हणतील आणि बाजार पंचवीस तिसांश भरेल. त्याऐवजी मागच्या पावसाळ्याचे विचारावे. उंच उसात काही मारले होते का? कशासाठी? किती पंप झाले? मारणाऱ्याला पंपामागे काय दिले? औषध कुठून आणले? या प्रश्नांना मिळते ते उत्तर वेगळे असते: ‘न्हाई, आत शिरताच येत न्हाई. पाऊस उघडला की युरिया टाकला, झालं.’ बिल, बाटली, मजुराचे नाव यांपैकी काही सांगता आले तरच त्या शेताची फवारणी मोजायची.

समजा तीस शेतकऱ्यांपैकी नऊ जणांनी गेल्या वर्षी खरेच फवारले होते, बहुतेकांनी एकदाच. तीस टक्के. १,७०० एकरांचे ५१० एकर. एक फवारणी, ६०० रुपये: ३ लाख ६ हजार.

वरून ६७ लाख, खालून ३ लाख. बावीस पटींचा फरक.

असा फरक आला की माणसे दोनांपैकी एक गोष्ट करतात. मोठा आकडा अहवालात घालतात, किंवा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक आकडा ठरवतात. दुसरी गोष्ट समंजसपणाची दिसते, पण तिला काहीच आधार नाही. करायला हवे ते हे: बावीस पट कुठून आली ते शोधायचे. दोन्ही हिशेब गुणाकाराचे आहेत, त्यामुळे फरकही गुणाकारात सुटा होतो. एकरांमध्ये जवळजवळ तीन पट: वरून ५,६००, खालून १,९२०. लहान ऊस वगळल्याने आणखी थोडे, सव्वा पटीहूनही कमी. वर प्रत्येक शेतावर फवारणी धरली होती, प्रत्यक्षात तीनांत एकही नीट भरत नाही: सव्वातीन पटीहून थोडे जास्त. वर दोन फवारण्या, खाली एक: दोन पट.

हे मांडल्यावर दोन वेगळे प्रश्न हाती येतात. एकरांमधला तीन पटींचा फरक हा माहितीचा फरक आहे. तो गट कार्यालयात, पाणीपुरवठा संस्थेत चार चकरा मारून मिटतो, आणि मिटल्यावर बहुधा वरचा आकडा खाली येतो. फवारणीच्या सवयीतला साडेसहा पटींहून थोडा जास्त फरक मात्र माहितीचा नाही. तो बाजार अजून जन्मालाच आलेला नाही. शेतकरी आत शिरता येत नाही म्हणून फवारत नाही, की फवारून फायदा नाही म्हणून फवारत नाही? पहिले खरे असेल तर ड्रोन आल्यावर मागणी वाढेल. दुसरे खरे असेल तर वाढणार नाही, दर निम्मा केला तरी. हे कळायला दोन-चार शेतांत अर्धा ऊस फवारून अर्धा तसाच ठेवावा लागतो आणि वजन होईपर्यंत थांबावे लागते. कुठलाही आकडेमोडीचा कागद हे सांगणार नाही. पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात या तपासणीवर जास्त पाने खर्च केली आहेत, आणि ती योग्य जागी खर्च झाली आहेत असे मला वाटते.

नऊ-तिसांश या आकड्याबद्दलही थोडे थांबले पाहिजे. तीस माणसे हा नमुना लहान आहे. तीसांत नऊ आले याचा अर्थ सगळ्या बारा गावांत तीसच टक्के लोक फवारतात असा होत नाही; खरे प्रमाण सतरा टक्क्यांपासून अठ्ठेचाळीस टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे २९० एकरांपासून ८१५ एकरांपर्यंत. हाच आकडा अहवालात लिहावा: ‘पावणेदोन लाख ते पाच लाख.’ बँकेच्या अधिकाऱ्याला असा रुंद आकडा आवडत नाही हे मला माहीत आहे, पण ३ लाख ६ हजार असा शेवटच्या हजारापर्यंत लिहिलेला आकडा त्यापेक्षा जास्त खरा नसतो. पट्टा अरुंद करायचा असेल तर आणखी माणसांना विचारावे, आणि तीही सगळी नदीकाठची नसावीत. रस्त्यालगतच्या, भेटायला सोप्या गावांत विचारून वरच्या आठ गावांचा अंदाज बांधला तर माणसे वाढवूनही चूक तशीच राहते.

मागणीचा हिशेब झाला तरी एक बाजू राहते, ती म्हणजे आपण किती पुरे पडू. फवारणीचा काळ जुलै ते सप्टेंबर आणि नेसरीच्या पश्चिमेकडे तोच पावसाचा काळ. भर पावसात फवारून उपयोग नाही, वाऱ्यात फवारून उपयोग नाही. ब्याण्णव दिवसांत उघडीप आणि शांत वारा मिळून कामाचे पंचवीस दिवस धरू. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एका एकरावरून सात-आठ मिनिटांत फिरतो, म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात दिवसाला तीस-चाळीस एकर लिहिलेले असतात. ते सलग रानासाठी. इथे एक शेत बारा गुंठ्यांचे, पुढचे बांधापलीकडे वीस गुंठ्यांचे, मध्ये विजेच्या तारा, कडेला नारळ. प्रत्येक ठिकाणी ड्रोन उतरवायचा, टाकी भरायची, बॅटरी बदलायची, शेताचा नकाशा आखायचा. दिवसाला पंधरा एकर झाले तर चांगले झाले. पंचवीस गुणिले पंधरा, ३७५ एकर, २ लाख २५ हजार रुपये. मागणी ५१० एकरांची असली तरी एक ड्रोन एका मोसमात एवढेच करील.

दोन अंदाज एकमेकांशी ताडून बघण्याचा खरा उपयोग इथे होतो. बॅटऱ्यांसह ड्रोनचा संच आठ-दहा लाखांच्या घरात जातो. तो उडवायला प्रमाणपत्रधारक वैमानिक लागतो, म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. महिला बचत गटांसाठी केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ८ लाखांचे साहाय्य ठरवलेले आहे. ते मिळाले तर भांडवलाचे ओझे हलके होते, पण त्याने मागणी वाढत नाही की पावसाचे दिवस कमी होत नाहीत. सव्वादोन लाखांतून वैमानिक, मदतनीस, गाडी, बॅटऱ्यांची झीज, विमा गेल्यावर उसाच्या एका मोसमावर हा धंदा उभा राहत नाही. कोणी ६७ लाखांच्या आकड्यावर विसंबून दोन ड्रोन घेतले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणजे सेवा सुरूच करू नये का? तसे नाही. हिशेबाने एवढे दाखवले की प्रश्न चुकीच्या पिकापुरता विचारला गेला. आजरा-चंदगडच्या बाजूला काजू आहे. त्याला पालवी, मोहोर आणि बी धरण्याच्या वेळी ढेकण्यासाठी फवारण्या लागतात, आणि त्या येतात पाऊस गेल्यावर, हिवाळ्यात, जेव्हा उसाचे फवारणीचे काम संपलेले असते आणि आकाश मोकळे असते. झाड उंच आहे म्हणून पाठीवरच्या पंपाला तिथे आधीच अडचण आहे, आणि अडचण सोसूनही शेतकरी फवारतो. म्हणजे सवयीचा आकडा उसापेक्षा जास्त निघण्याची शक्यता आहे. पण काजू उतारावर आहे, ड्रोनचे औषध पानांच्या खालच्या बाजूला आणि झाडाच्या पोटात किती पोचते हे बघावे लागेल, आणि एकरावर दर लावायचा की झाडावर, तेही. त्यासाठी काजूची वेगळी ओळ, वेगळे गावांचे वर्तुळ, वेगळी तीस माणसे आणि वेगळे कामाचे दिवस. उसाच्या ओळीत काजूचे एकर मिसळून बेरीज करू नये. दोन्हींतला दर, मोसम आणि गिऱ्हाईक वेगळे आहे.

पुस्तिकेच्या शेवटी कोरे तक्ते दिले आहेत. प्रत्येक ओळीत आकडा, तो कोणाकडून मिळाला आणि कोणत्या महिन्यात मिळाला, अशी तीन घरे आहेत. तिसरे घर रिकामे ठेवू नये. उसाविषयी शेतकऱ्याशी जानेवारीत बोलले तर तो तोडीच्या चिंतेत असतो आणि फवारणीचे त्याला आठवत नाही. ऑगस्टच्या उघडिपीत बांधावर गाठले तर काय मारले, किती मारले, हे तो बाटली दाखवून सांगतो. काजूवाल्याला डिसेंबरात गाठावे. नेसरीच्या बारा गावांचा तक्ता ज्याला भरायचा आहे त्याने पावसाळा आणि हिवाळा असे दोन्ही मोसम हाताशी ठेवून कामाला लागावे, आणि गाळ्याचे भाडे त्यानंतर ठरवावे.